आमची वाटचाल: ठिबकचं दुकान आणि व्हिडिओंची भाषा

तासगावात आमचं ठिबक संचांच्या विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शेतावर जाणं थांबलं आणि फोनवर तेच ते प्रश्न यायला लागले. उत्तरं मोबाइलवर चित्रित करून आम्ही यूट्यूबवर टाकू लागलो. आता बरीच नवी गिऱ्हाइकं व्हिडिओ बघूनच दुकानात येतात, म्हणून शीर्षकात मराठी किती आणि इंग्रजी किती, हा आमच्यासाठी धंद्याचा प्रश्न आहे.

ड्रिपर चोक झाले की संचात ॲसिड सोडतात, त्याचा व्हिडिओ घ्या. आधी शीर्षक पूर्ण इंग्रजी ठेवलं: Drip Irrigation Acid Treatment. शोधातून माणसं भरपूर आली, पण किती प्रेक्षक टिकले ते दाखवणारा आलेख पहिल्या अर्ध्या मिनिटातच कोसळला. यूट्यूब स्टुडिओत कोणता शब्द शोधून आलेला प्रेक्षक सरासरी किती वेळ थांबला, तेही दिसतं. `drip acid treatment` टाइप करून आलेले लगेच निघून जात होते. `drip acid treatment in marathi` आणि `ठिबक ॲसिड` शोधणारे मात्र ॲसिडचं माप सांगेपर्यंत थांबत होते. इंग्रजी शीर्षक वाचून परराज्यातलेही येतात आणि मराठी कानावर पडताच जातात.

मग ‘ठिबक संचाची आम्ल प्रक्रिया’ असं लिहून पाहिलं. आलेले टिकले, पण आलेच थोडे. पुस्तिकेतला हा शब्द शेतकरी शोधताना वापरत नाही. शेवटी ‘ठिबकला ॲसिड ट्रीटमेंट कशी करावी? | Drip Acid Treatment in Marathi’ यावर स्थिरावलो. मोबाइलवर लांब शीर्षकाचं शेपूट कापलं जातं, म्हणून देवनागरी पुढे. पूर्ण इंग्रजी शीर्षकाइतकी गर्दी होत नाही, पण येतो तो आपला माणूस असतो. छाटणीच्या तोंडावर हा शोध आपसूक वाढतो, त्यामुळे दोन शीर्षकांची तुलना मी एकाच हंगामातली धरतो आणि थंबनेलला हात लावत नाही.

बोलण्याचा हिशेब निराळा. फिल्टर, लॅटरल, व्हेंचुरी, पीएच हे शब्द शेतकऱ्याच्या तोंडचेच आहेत, त्यांनी कोणी अडत नाही. अडतं ते अख्खं वाक्य इंग्रजीत गेलं की. ‘ऑलवेज ॲड ॲसिड टू वॉटर’ या जागी आलेखात उंचवटा दिसायचा, म्हणजे लोक मागे नेऊन पुन्हा ऐकत होते. ही तर जिवाला जपायची सूचना! नव्या चित्रीकरणात सरळ सांगितलं: ‘ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच ओतायचं नाही.’ उंचवटा गेला.

हे सगळं शोधून येणाऱ्यांपुरतं खरं. होम पानावरून येणाऱ्यांना आधी थंबनेल दिसतं, तिथे शीर्षकाच्या भाषेचा परिणाम मला वेगळा काढता आलेला नाही. पुढचा व्हिडिओ सँड फिल्टरच्या बॅकवॉशचा आहे. काउंटरवर येणारे त्याला काय म्हणतात, ते पोरं सध्या वहीत टिपून घेतायत.