डब्लेटची नोंदवही : उणे ०.०८७३ चा पाठलाग

मागच्या नोंदीत सोर्स आणि सिंक, म्हणजे प्रवाह बाहेर टाकणारा आणि तो आत ओढणारा बिंदू, एकमेकांजवळ आणत डब्लेटपर्यंत पोहोचलो होतो. त्याची तीव्रता `2πUa²` ठेवून तो `U` वेगाच्या एकसमान प्रवाहात मिसळला की `r = a` या वर्तुळावर प्रवाहरेषा ठरवणारा ψ शून्य येतो, म्हणून ते वर्तुळ हाच वृत्तचितीचा पृष्ठभाग मानता येतो, हेही तेव्हा पडताळले होते. उरलेले काम तासाभराचे वाटत होते: पृष्ठभागावरचा वेग `2U sinθ`, त्यावरून दाब गुणांक `Cp = 1 − 4 sin²θ`, आणि त्याची बेरीज करून ड्रॅग शून्य येतो हे आकड्यांत पाहायचे. प्रत्यक्षात त्या शून्याने माझ्या तीन संध्याकाळी घेतल्या.

दर १० अंशांवर दाब घेतला तेव्हा ड्रॅग गुणांक आला −०.०८७३. उणे चिन्हाचा अर्थ असा की, वृत्तचिती प्रवाहाबरोबर ढकलली न जाता प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने निघाली आहे. श्यानता नसलेल्या द्रवात ड्रॅग नसतो हे द'अलाँबेर यांनी १७५२ मध्ये मांडलेले कोडे मला माहीत होते. पण फुकटचा रेटा देणारी वृत्तचिती त्यांच्याही हिशेबात नव्हती.

पहिला संशय वेगावर गेला. मी वेग थेट सूत्राने न काढता ψ च्या फरकांवरून काढत होतो आणि त्यात थोडी चूक राहतेच. म्हणून ते सगळे काढून टाकले आणि नेमके सूत्र घातले, तरीही उत्तर −०.०८७३ च राहिले. इथेच थांबून विचार करायला हवा होता, कारण वेग बदलूनही जी चूक तसूभर हलत नाही ती वेगातली असूच शकत नाही. त्याऐवजी मी बिंदू दुप्पट केले. उत्तर −०.०४३६ झाले, आणखी वाढवले तसे ते त्याच प्रमाणात घटत गेले, आणि ही केवळ जाळीच्या जाडेभरडेपणाची चूक आहे असे समजून मी पहिल्या दिवशी निर्धास्त झोपलो.

दुसऱ्या दिवशी कागदावर त्रिकोणमिती केली तेव्हा ते समाधान टिकले नाही. `Cp` म्हणजेच `2cos2θ − 1`. त्याला `cosθ` ने गुणले की `cosθ` ची पदे एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरते फक्त `cos3θ`. ड्रॅगचा संपूर्ण समाकल्य एवढाच आहे! समान अंतरावरच्या बिंदूंवर `cos3θ` ची पूर्ण फेरीची बेरीज करा. चार किंवा अधिक कितीही बिंदू घेतले तरी ती नेमकी शून्य येते. म्हणजे दहा अंशांची माझी जाळी गरजेपेक्षा कितीतरी बारीक होती आणि चुकीने बिंदूंच्या संख्येबरोबर हळूहळू घटण्याला काही कारणच नव्हते. शून्याच्या जागी दहाचा उणे सोळावा घात दिसायला हवा होता.

उलगडा तिसऱ्या दिवशी एका निरुपयोगी वाटणाऱ्या प्रयोगाने झाला. कोन मोजायला मी मागच्या टोकापासून सुरुवात करत होतो. ती पुढच्या टोकापासून केली, तर उत्तर +०.०८७३ आले. आकडा तोच, चिन्ह उलटे. मग ९० अंशांपासून सुरुवात केली आणि ड्रॅग शून्य. दोष सुरुवातीच्या बिंदूतच होता.

```python
th = np.linspace(0, 2*np.pi, 37)
cp = 1 - 4*np.sin(th)**2
cd = -0.5*np.sum(cp*np.cos(th))*(th[1]-th[0])
```

`linspace` शेवटचा बिंदूही धरते, त्यामुळे ० आणि ३६० अंश हा एकच बिंदू दोनदा मोजला जात होता. तो नेमका स्टॅग्नेशन बिंदू, जिथे वेग शून्य आणि `Cp` बरोबर १. म्हणून वेगाचे सूत्र कितीही सुधारले तरी त्या जास्तीच्या एका पदावर परिणाम होत नव्हता. बिंदू ३६ करून `endpoint=False` लिहिले आणि ड्रॅग नाहीसा झाला. `np.trapezoid` वापरले असते तर दोन्ही टोकांना अर्धे वजन मिळून ही चूक घडलीच नसती, पण मग `cos3θ` ही मला भेटला नसता. तरीही बंद वक्रावर फिरताना शेवटचा बिंदू धरण्याची ही सवय मला गैरसोयीचीच वाटते.

त्या `cos3θ` ने एक जुना गैरसमजही दूर केला. पुढचा दाब मागे रेटतो, मागचा तेवढाच दाब पुढे रेटतो आणि दोघांची बरोबरी होते, असे मी समजत होतो. आता पुढच्या टोकापासून कोन φ मोजून तुकडे पाडले. दोन्ही बाजूंना ३० अंशांपर्यंत दाब वाढलेला असतो आणि त्याचा वाटा +१/३ येतो. ३० ते ९० अंशांत दाब घटलेला असतो. पृष्ठभाग पुढे तोंड करून असल्यामुळे हे शोषण वृत्तचितीला प्रवाहाच्या विरुद्ध ओढते आणि त्याचा वाटा −२/३ आहे. म्हणजे पुढचा अर्धा भाग एकूण पुढेच ओढला जातो! मागच्या अर्ध्या भागात हेच उलट चिन्हांनी घडते: खांद्यामागचे शोषण +२/३ आणि शेवटच्या ३० अंशांतला परत मिळालेला दाब −१/३. शून्य आहे ते या चार वाट्यांच्या बेरजेचे.

यापुढे भोवरा मिसळून लिफ्टकडे वळण्याचा बेत होता, पण तो आता मागे टाकला आहे. खऱ्या प्रवाहात खांद्यामागे दाब पुन्हा वाढू लागतो, पृष्ठभागालगतचा मंदावलेला थर त्याविरुद्ध जाऊ शकत नाही आणि सुटतो. प्रांट्ल यांनी १९०४ मध्ये सीमास्तराच्या कल्पनेतून याचा उलगडा केला. म्हणून एक ढोबळ प्रयोग केला: φ = s या कोनापर्यंत सिद्धांताचा दाब धरायचा आणि त्यापुढे तोच दाब गोठवायचा. उत्तर इतके नेटके निघाले की मी ते दोनदा तपासले: ड्रॅग गुणांक `(8/3) sin³s`.

मात्र नेटके म्हणजे बरोबर नव्हे. रेनॉल्ड्स संख्या एक लाखाच्या आसपास असताना प्रवाह सुमारे ८० अंशांवर सुटतो आणि मोजलेला गुणांक साधारण १.२ असतो, माझे सूत्र २.५५ देते. मग मागचा दाब मोजणीतला घेतला, म्हणजे `Cp` सुमारे −१.२, आणि पुढचा भाग सिद्धांताचाच ठेवला, तर गुणांक ०.८९ वर घसरला. आधी दुपटीहून जास्त, आता पाऊणपटच. कारण ८० अंशांवर सिद्धांत `Cp` −२.८८ सांगतो, एवढे शोषण खऱ्या वृत्तचितीच्या खांद्यावर कधीच तयार होत नाही, आणि हे जास्तीचे शोषण तिला पुढे ओढून ड्रॅग खोटा कमी करते. प्रवाह मागे सुटला की त्याचा परिणाम पुढच्या भागापर्यंत पोहोचतो. अर्धा सिद्धांत आणि अर्धी मोजणी अशी शिवण घालता येत नाही.

म्हणून आता डब्लेटच्या वर्तुळावर मागच्या बाजूला समोरासमोर दोन सोर्स बसवणार आहे आणि ते वर्तुळ कॉन्फॉर्मल मॅपिंगने वृत्तचितीवर नेणार आहे, कारण नुसत्या वर्तुळावर प्रवाहरेषा जिथे पृष्ठभाग सोडते तिथे वेग शून्य आणि `Cp` १ च येतो. प्रवाहरेषा ८० अंशांवर पृष्ठभाग सोडेल आणि तिथे `Cp` −१.२ असेल, अशा दोन अटींवर त्यांची तीव्रता आणि जागा ठरतील; मागच्या पट्ट्यात दाब स्थिर धरायचा. यात खांद्यावरचे शोषण आपोआप कमी व्हायला हवे. दोन अज्ञातांची समीकरणे मांडून झाली आहेत, सोडवायची बाकी आहेत, आणि यावेळी बेरीज ९० अंशांपासूनही एकदा करून पाहणार आहे.