युलिपचा सरेंडर चार्ज: मागणी बदलली आणि पैसे मिळाले

निवृत्तीनंतर मिळालेल्या ग्रॅच्युइटीतले दोन लाख मी एका युलिपमध्ये, म्हणजे विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेल्या पॉलिसीत, गुंतवले. एजंट ओळखीतला होता. "बाई, एकदाच भरायचे. वर्षानंतर हवे तेव्हा काढा, एफडीसारखंच आहे," असं त्यानं घरी येऊन सांगितलं आणि व्हॉट्सअॅपवरही लिहिलं. वर्ष सरलं आणि दुसऱ्या हप्त्याची नोटीस आली. दरवर्षी दोन लाख, तेही दहा वर्षं! माझं वय ५९ आणि वर्षाची पेन्शन साडेतीन लाखांच्या आसपास.

शाखेत चौकशी केली तेव्हा हिशेब कळला. फंड व्हॅल्यू, म्हणजे माझ्या गुंतवणुकीची त्या वेळची किंमत, १,८४,००० रुपये होती. दुसऱ्या वर्षी पॉलिसी सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी बंद केली, तर फंडाच्या ४ टक्के चार्ज लागतो, पण एवढ्या हप्त्याच्या पॉलिसीवर तो ५,००० रुपयांच्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे पाच हजार कापणार. उरलेले १,७९,००० तरी हातात येतील असं वाटलं, तर तेही नाही. ते बंद पॉलिसींच्या वेगळ्या फंडात जाणार, तिथे किमान ४ टक्के व्याज मिळणार आणि पॉलिसी सुरू झाल्यापासून पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच परत येणार.

मी पाच हजार परत मिळावेत म्हणून तक्रार केली. उत्तर आलं, चार्ज नियमाप्रमाणे आहे आणि पॉलिसीत छापलेला आहे. ते खरंच होतं. विमा कंपनीतून निवृत्त झालेले आमचे शेजारी काका म्हणाले, "चार्ज परत मागितलात म्हणजे पॉलिसी तुम्हाला मान्य आहे असंच झालं. पॉलिसीच सुरुवातीपासून रद्द करून भरलेला पूर्ण हप्ता मागा. आणि तक्रारीचा निकाल लागेपर्यंत सरेंडर फॉर्मवर सही करू नका." पुढे हप्ता न भरल्यानं पॉलिसी आपोआप बंद पडली आणि चार्ज कापला गेलाच. पण मी स्वतःहून सरेंडर केलं, असं कंपनीला म्हणता आलं नाही.

आता सिद्ध काय करायचं? तोंडी आश्वासन कुठेच नोंदलेलं नसतं. म्हणून मी कंपनीकडे सही केलेल्या प्रपोजल फॉर्मची प्रत, किती भरायचं आणि किती मिळू शकेल हे दाखवणारा तक्ता म्हणजे बेनिफिट इलस्ट्रेशन, आणि पॉलिसी देताना कंपनीनं मला केलेल्या पडताळणी कॉलचं रेकॉर्डिंग लेखी मागितलं. प्रपोजल फॉर्म पाहून मला धक्काच बसला. व्यवसायाच्या रकान्यात 'व्यापार', उत्पन्न नऊ लाख आणि ईमेल माझा नव्हेच! पॉलिसी त्याच ईमेलवर गेली होती. पॉलिसी हाती आल्यापासून ती परत करायला ३० दिवसांची फ्री लूक मुदत असते. माझ्यापर्यंत पॉलिसीच पोचली नव्हती, तर मुदत सुरू कशी होणार? रेकॉर्डिंगमध्ये माझे 'हो, हो' ऐकू येत होते आणि कंपनी त्यावरच बोट ठेवत होती. पण शेजारी बसून 'हो म्हणा' असं सांगणारा एजंटचा आवाजही त्यात होता.

नव्या तक्रारीत मी भावना बाजूला ठेवल्या. एका बाजूला एजंटचा मेसेज, दुसऱ्या बाजूला दहा हप्त्यांची पॉलिसी. पेन्शनचं बँक स्टेटमेंट आणि फॉर्ममधले नऊ लाख. मागणी एकाच वाक्यात: पॉलिसी सुरुवातीपासून रद्द करून दोन लाख परत द्यावेत. ही तक्रार आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवली आणि विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवरही (bimabharosa.irdai.gov.in) नोंदवली. तिथे टोकन क्रमांक मिळतो आणि तक्रार थेट कंपनीकडे जाते. निकाल मात्र नियामक देत नाही. कंपनीनं पुन्हा रेकॉर्डिंगकडे बोट दाखवून नकार दिला.

मग विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकून निवाडा करणारा अधिकारी. मी नाशिकची, म्हणून पुण्याचं कार्यालय. कंपनीनं फेटाळल्यावर, किंवा महिनाभरात उत्तरच न आल्यास, इथे जाता येतं. फेटाळल्यापासून एक वर्षाची मुदत असते, ती चुकवू नये. फी नाही आणि वकील चालत नाही. माझ्यासारखीला ही मोठी सोय वाटली, कारण कंपनीच्या बाजूनंही वकील नव्हता. सुनावणी व्हिडिओवरून झाली. कंपनीच्या प्रतिनिधीनं सही आणि कॉल पुढे केला. मला विचारलं गेलं ते एवढंच: ईमेल कोणाचा आणि उत्पन्नाचा पुरावा काय? स्टेटमेंट आधीच जोडलेलं होतं. साडेतीन लाखांच्या पेन्शनवर दरवर्षी दोन लाखांची पॉलिसी कशी दिली, याचं उत्तर त्या प्रतिनिधीकडे नव्हतं.

पॉलिसी रद्द करून हप्ता परत द्यायला कंपनी तिथेच तयार झाली, पण व्याज द्यायला नाही. मी ते मान्य केलं, लेखी संमती दिली. ही तडजोड न मानता ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्ग मला खुला होता, पण व्याजासाठी आणखी लांबवणं मला नको होतं. खात्यात पूर्ण दोन लाख जमा झाले. त्यात ते पाच हजारही आले आणि पहिल्या वर्षी फंडातून कमी झालेले १६,००० रुपयेही. सरेंडर चार्ज परत मिळाला असता, तरी हे सोळा हजार कधीच हाती आले नसते.