सुटलेली नस

कंबरेच्या मणक्याचा एमआरआय म्हणजे पंधरा मिनिटांचं काम, असं मला रेडिऑलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला असताना वाटायचं. पद्धत ठरलेली होती. टी२ सॅजिटलची, म्हणजे बाजूने दिसणाऱ्या उभ्या छेदांची, मधली स्लाइस उघडायची, कुठली डिस्क काळी पडलीय ते बघायचं आणि मग अ‍ॅक्सिअलवर, म्हणजे आडव्या छेदांवर, एकेक पातळी उतरत जायची. डिस्कच्या घेराचा चौथाईहून जास्त भाग सरसकट बाहेर आला असेल तर बल्ज. त्याहून कमी भागात फुगवटा असेल तर प्रोट्रुजन, आणि फुगवट्याची मान पोटापेक्षा बारीक असेल तर एक्स्ट्रुजन. कॅनालचं, म्हणजे मणक्यांमधून नसा खाली जातात त्या नळीचं, गणितही सोपं वाटायचं. टी२वर पाणी पांढरं दिसतं, त्यात नसांचे काळे ठिपके. ठिपके सुटे दिसतात तोवर अरुंदपणा सौम्य; पाणी नाहीसं होऊन सगळ्याचा करडा गोळा झाला की गंभीर.

एका दुपारी ५२ वर्षांच्या टेम्पोचालकाचा एमआरआय आला. फॉर्मवर एवढंच होतं: ‘पाठदुखी, डावा पाय दुखतो’. एल४-एल५ला, म्हणजे कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमध्ये, बल्ज होता, कॅनाल किंचित अरुंद. मी लिहिलं, ‘एल४-एल५ला डिफ्यूज बल्ज, दोन्ही बाजूंच्या एल५ नसांना स्पर्श.’ पाय दुखतोय, एल५ला धक्का आहे, जुळलं की! रिपोर्ट पाठवून मी चहाला गेलो.

संध्याकाळी ऑर्थोच्या रेसिडेंटचा फोन. “अरे, तुझा रिपोर्ट पेशंटशी जुळत नाही. दुखणं मांडीच्या पुढच्या भागात आहे, नडगीच्या आतल्या बाजूला बधिरपणा आहे. जिना चढताना गुडघा लचकतो आणि डावा नी जर्क जवळजवळ नाहीच. अंगठा मात्र जोरात वर उचलतो.”

म्हणजे तक्रार एल४ नसेची. एल५ दबली असती तर पावलाच्या वरच्या बाजूला बधिरपणा आला असता, अंगठा उचलायला कमी पडला असता. एल४ नस कॅनालमधून जाताना बहुधा एल३-एल४च्या डिस्कने दबते, म्हणून मी धावत जाऊन ती पातळी पुन्हा बघितली. डिस्क स्वच्छ, कॅनाल मोकळा. आता काय?

मॅडम शेजारी येऊन बसल्या. अ‍ॅक्सिअल बाजूला सारून त्यांनी टी१ सॅजिटल उघडलं आणि मधल्या स्लाइसवर न थांबता थेट डाव्या कडेला गेल्या. मी ती सिरीज त्या दिवशी उघडलीच नव्हती.

टी१वर चरबी पांढरी दिसते. कडेच्या स्लाइसवर प्रत्येक दोन मणक्यांमधलं फोरामेन, म्हणजे नस बाहेर पडायचं भोक, किल्लीच्या भोकासारखं दिसतं. आत पांढरी चरबी आणि वरच्या अर्ध्या भागात नसेचा करडा ठिपका. एल१-एल२, एल२-एल३, एल३-एल४ला तसंच होतं. एल४-एल५ला पांढरं काही उरलंच नव्हतं. ठिपका आणि भोवतालचं सगळं एकाच करड्या रंगात गेलेलं. “उजवं बघ,” मॅडम म्हणाल्या. उजवीकडे चरबी शाबूत होती.

माझी गफलत इथे होती. एल४-एल५च्या पातळीला दोन नसांचा संबंध येतो. एल५ कॅनालच्या आत, डिस्कच्या मागून खाली चाललेली असते. एल४ नस मात्र एल४ मणक्याच्या पेडिकलखालून, म्हणजे मणक्याच्या मागे जाणाऱ्या आखूड हाडाखालून, डिस्कच्या जरा वरूनच फोरामेनमधून निघून जाते. म्हणजे तीच डिस्क मध्याच्या जवळ फुगली तर एल५ दाबते आणि फोरामेनमध्ये फुटली तर एल४. मी फक्त आतली बघितली.

“पण अ‍ॅक्सिअलवर कसं दिसलं नाही?” मी विचारलं. मॅडमनी रेफरन्स लाइन, म्हणजे एक स्लाइस दुसऱ्या चित्रात कुठून गेलीय ते दाखवणारी रेघ, लावून दाखवली. आमच्या प्रोटोकॉलमध्ये अ‍ॅक्सिअल स्लाइसेस प्रत्येक डिस्कला समांतर, पाच-पाचच्या गठ्ठ्यात घेतल्या जात होत्या. दोन गठ्ठ्यांमध्ये मोकळी जागा राहते. डिस्कचा तुकडा वर सरकून नेमका त्या जागेत, पेडिकलच्या खाली बसला होता. वरच्या टोकाच्या एका स्लाइसवर त्याची कड दिसत होती; मी ती ‘डाव्या बाजूला थोडं भरलेलं’ म्हणून सोडून दिली होती.

तो तुकडाच आहे, नसेची गाठ नाही, हे आम्ही टी२ सॅजिटलवर पक्कं केलं. खालच्या बाजूला तो मूळ डिस्कला जोडलेला होता. तसा जोड दिसला नसता तर कॉन्ट्रास्ट द्यावा लागला असता. तुकडा बहुधा फक्त कडेने उजळतो, गाठ बहुतेक आतूनही.

मी रिपोर्टला पुरवणी जोडली: ‘एल४-एल५ला डावीकडे फोरामेनमध्ये डिस्क एक्स्ट्रुजन, वर सरकलेलं. फोरामेनमधली चरबी नाहीशी, बाहेर पडणारी डावी एल४ नस चेपलेली.’ बल्जची ओळ तशीच ठेवली, फक्त ‘एल५ला स्पर्श’ यापुढे ‘लक्षणांशी संबंध दिसत नाही’ असं लिहिलं. पन्नाशीतल्या बिनतक्रारीच्या माणसांतही निम्म्याहून अधिकांना बल्ज सापडतो, त्यामुळे ती ओळ वाचून कुणी चुकीच्या नसेला इंजेक्शन द्यायला नको.

ऑर्थोवाल्याला फोन केला तर त्याने आधी एकच विचारलं, “डावीच ना?” मी पुन्हा सॅजिटलवर रेफरन्स लाइन लावून खात्री केली, मगच हो म्हटलं.