आमची वाटचाल : आधी बूड, मग दांडी

सांगलीत चैत्र म्हणजे भर उन्हाळा. घरोघरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू, कैरीची डाळ, पन्हं, ओले हरभरे आणि गौरीपुढच्या आराशीत कापलेलं कलिंगड. आमच्या सासूबाई कलिंगडाचं कमळ इतकं सुरेख करायच्या की शेजारच्या बायका आपापली कलिंगडं घेऊन आमच्याच ओट्यावर यायच्या. धंदा तिथूनच सुरू झाला, म्हणजे आधी फुकट आणि मग ३५० रुपयांत. आज विश्रामबागेतल्या आमच्या घरामागच्या खोलीत आम्ही चौघी फळं-भाज्या कोरायचं काम करतो. मी, जाऊबाई आणि कामावरच्या दोघी. चैत्रगौर, डोहाळजेवण, रुखवत आणि गौरी-गणपती हे आमचे हंगाम.

लोकांना वाटतं की यात कला मोठी. कला आहेच, पण आमचं पहिलं मोठं नुकसान कलेमुळे नाही, लोळणाऱ्या कलिंगडामुळे झालं. कलिंगड कोरून करायच्या दांडीच्या टोपलीची घाईची ऑर्डर होती. जाऊबाईंनी गोल कलिंगड तसंच ओट्यावर ठेवलं, डाव्या हातानं दाबून धरलं आणि उजव्या हातानं सुरी रेटली. सुरीला धार नव्हती, म्हणून जोर लावला. साल ओली होती. कलिंगड अर्धी वीत फिरलं, सुरी घसरली आणि तळहातात गेली. स्वच्छ फडक्यानं घट्ट दाबून, हात वर धरून त्यांना दवाखान्यात नेलं. चार टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. ती टोपली त्या दिवशी झालीच नाही, आणि ज्यांची होती त्यांनी मला बरंच ऐकवलं. चूक माझी होती, कारण सुरीला धार लावायचं काम माझ्याकडे होतं.

त्या दिवसापासून आमच्याकडे पहिला काप बुडाचा. कलिंगड स्वच्छ धुऊन, कोरडं पुसून त्याच्या खालच्या बाजूनं भाकरीएवढा जाड काप काढायचा, म्हणजे ते बसतं. हा काप पांढऱ्या भागातच थांबला पाहिजे. लाल गर दिसला की बुडातून रस गळतो आणि यजमानांच्या पैठणीवर नाही तरी टेबलावरच्या चादरीवर डाग पडतोच. पाटाखाली ओलं फडकं घालायचं, पाट हलत नाही. मग कलिंगड हातानं हलवून पाहायचं. डुललं, तर बूड पुन्हा थोडं सारखं करायचं. ते पक्कं बसल्याशिवाय सुरी हातात घ्यायची नाही.

मार्केट यार्डात मी टोपलीसाठी किंचित लांबट, चार-पाच किलोचं, गडद हिरव्या सालीचं फळ निवडते. सालीचा हिरवा, आतला पांढरा आणि मग लाल असे तीन रंग कंगोऱ्यात उठून दिसतात. फार पिकलेलं, रसानं तट्ट फुगलेलं फळ खायला छान, कापायला वाईट. सुरीचं टोक आत जाताच ते टरकन तडकतं आणि चीर सुरीच्या पुढे पळते. हे आधी कळावं म्हणून मी पहिलं टोक दांडीजवळ कधीच घालत नाही. जो भाग काढूनच टाकायचा आहे, त्याच्या मधोमध घालते. तडकलं तर तिथंच तडकू दे. चीर दांडीत गेली असेल तर त्या फळाची टोपली होत नाही, सरळ फोडी करायच्या.

आता दांडी. फळाच्या मधून, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, दोन बोटं अंतर सोडून चिकटपट्टीच्या दोन रेघा मारायच्या. मध्यापेक्षा जरा वर आडवी रेघ टूथपिकनं टोचून काढायची. पट्टीच्या कडेनं वरून खाली कापत आडव्या रेघेवर थांबायचं. इथं हात आवरला नाही आणि काप खाली गेला, तर दांडीच्या मुळाशीच चीर पडते. मग आडव्या रेघेवर छोट्या, टोकदार सुरीनं नागमोडी काप घ्यायचे. प्रत्येक काप आत, फळाच्या मध्याकडे जायला हवा. दोन्ही बाजूंचे चतकोर सुटले की आधी दांडीखालचा गर चमच्यानं काढायचा. दांडीत पांढरा भाग बोटभर तरी राहू द्यायचा. नाजूक दिसावी म्हणून ती खरवडत बसलं, तर तासाभरात वाकते.

कंगोरे कापताना डाव्या हाताची जागा ठरलेली असते. फळाच्या मागच्या बाजूला, सुरीच्या टोकासमोर तो कधीच नसतो. आत शिरलेलं टोक पलीकडे कुठे निघेल ते दिसत नाही. सुरीनं न कापला जाणारा हातमोजा आम्ही वापरतो, पण तो धारेपासून वाचवतो, टोक खुपसलं तर नाही. नव्या मुलींना मोजा मिळाला की त्या जरा बिनधास्त होतात, म्हणून हे मी त्यांना दोनदा सांगते. फळ मांडीवर घेऊन कोरायचं नाही. सुरी हातातून पडली तर झेलायची नाही, हात वर आणि पाय मागे. आणि साबणाच्या पाण्यात सुरी बुडवून ठेवायची नाही. भांडी घासणाऱ्या मावशींना फेसाखालची धार दिसत नाही.

फुलांचं काम त्यामानानं शांत. मुळ्याच्या गुलाबाला सालीसकट पातळ पाकळ्या कापून तो बर्फाच्या पाण्यात सोडला की दहा-पंधरा मिनिटांत उमलतो. आतला गर पाणी पिऊन फुगतो, साल तेवढी फुगत नाही, म्हणून पाकळी बाहेर वळते. कांद्याची शेवंती करताना मुळाकडचा बोटभर भाग न कापता ठेवतो, नाही तर सगळ्या पाकळ्या हातात येतात. गाजराच्या पातळ चकत्या मिठाच्या पाण्यात मऊ करून वळवायच्या. बिटाचं फूल मात्र सगळ्यात शेवटी मांडायचं. एकदा मुळ्याच्या पांढऱ्या गुलाबांना बिटाचा रंग लागला आणि गौरीपुढं सगळी गुलाबी गुलाबांची आरास झाली. यजमानीणबाईंना ती आवडली, हा भाग वेगळा.

मिरजेच्या एका डोहाळजेवणाला टोपली वेळेवर पोचली, सगळ्यांनी वाहवा केली आणि एका आजींनी तिला परडीसारखं दांडी धरून उचललं. दांडी हातात आणि फळं जमिनीवर. आजींची काही चूक नव्हती, दांडी म्हटल्यावर माणूस धरणारच. कलिंगडाची दांडी वजन पेलायला नसते हे आम्हीच सांगायला हवं होतं. तेव्हापासून टोपली पसरट ताटात बसवूनच देतो आणि सोबत चिठ्ठी असते : "दांडी शोभेची आहे. ताट दोन्ही हातांनी उचला."

फळंही आता टोपलीत भरून देत नाही. कलिंगडाचे, खरबुजाचे गोळे बंद डब्यात बर्फावर पाठवतो आणि बायका यायच्या वेळी भरा म्हणतो. कापलेलं फळ बाहेर दोन तासांवर ठेवायचं नाही, आणि चैत्रातल्या सांगलीच्या उकाड्यात तर तासाभरातच संपवायचं. रिकामी टोपली ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये रात्रभर नीट राहते. दुसऱ्या दिवशी कंगोरे सुकून मागे वळू लागले की ती आराशीतून काढायची.

जाऊबाईंच्या तळहातावर तो व्रण अजून आहे. आता धार लावायचं काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतलंय. सकाळी त्या प्रत्येक सुरी टोमॅटोवर फिरवून बघतात. साल न दाबता कापली गेली तरच ती सुरी पाटावर येते.