हसले त्यांना तरी कुठे येत होतं?

"काल माझ्या प्रश्नाला जे हसले, त्यांतल्या एकालाही उत्तर येत नव्हतं."

सातवीतली मुलगी आज फळ्यापाशी उभी राहून हे बोलली आणि वर्ग चिडीचूप. मीही.

काल तिने विचारलं होतं, "सर, ६ भागिले ३/४ करताना अपूर्णांक उलटा का करायचा? आणि भागूनही उत्तर ८, म्हणजे सहापेक्षा मोठं कसं?" मुलं फिदीफिदी हसली. मी "नियमच आहे तो" म्हणून पुढे सरकलो. (तास संपत आला होता, ही आपली माझी सबब.)

आज तिने खडूने सहा भाकऱ्या काढल्या. प्रत्येकीचे चार तुकडे केले, झाले २४. "एकाला पाऊण भाकरी, म्हणजे तीन तुकडे. मग २४ तुकडे आठ जणांना पुरतात. आधी चारने गुणलं, मग तीनने भागलं. उलटं करायचं म्हणजे एवढंच! काल विचारलं नसतं तर घरी जाऊन आईला तरी कशाला विचारलं असतं? लाज हसणाऱ्यांना वाटू दे."

ती जागेवर बसली. मागच्या बाकावरून एक हात हळूच वर आला.

"सर, ऋण गुणिले ऋण धन का होतं?"

घंटेला पाच मिनिटं होती. काय केलं असतं तुम्ही?