फोन-नेटचा क्लेम परत का येतो

"ताई, मी घरून काम करते, दर महिन्याला फोन आणि नेटचं बिल लावते तरी अकाउंट्सवाले क्लेम परत पाठवतात नाहीतर कापून देतात. समरी नेमकी लिहायची कशी?"

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितेय. मी बरीच वर्षं पुण्यात एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये हेच क्लेम तपासते. समोर क्लेमचा ढीग असतो, पेरोल बंद व्हायची तारीख डोक्यावर असते आणि प्रत्येक क्लेमला जेमतेम दोन मिनिटं मिळतात. त्या दोन मिनिटांत मी एवढंच बघते की तुमच्या समरीतला आकडा मला बिलावर जसाच्या तसा सापडतोय का. सापडला की क्लेम पास. नाही सापडला की मला तो रोखावाच लागतो, कारण उद्या ऑडिटरने विचारलं तर उत्तर मला द्यायचंय. तुम्ही खोटं लिहिलंय असं कुणाचंच म्हणणं नसतं हो, फक्त आकडा जुळत नाही एवढंच.

माझी मावसबहीण साताऱ्याला राहून पुण्यातल्या एका कंपनीचं काम करते, तिचाच जूनचा क्लेम सांगते म्हणजे सगळं कळेल. तिच्या कंपनीच्या पॉलिसीत फोन आणि नेट मिळून महिन्याला 1500 रुपयांपर्यंत मिळतात. तिने क्लेम लावला 2651.46 चा, खाली लिहिलं "जास्तीत जास्त 1500 द्यावेत" आणि सोबत दोन बिलांचे फोटो. तिला वाटलं बिलं तर 1500 च्या वर आहेत, मग अडचण काय. क्लेम परत आला आणि ती चिडून मला फोन करून म्हणाली, "अगं, बिलं दिलीत ना, अजून काय पाहिजे यांना?"

मी ती बिलं मागवली. ब्रॉडबँडच्या बिलावर वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं 1944.64, म्हणजे एकूण देय रक्कम, आणि तिने तीच उचलली होती. पण खाली फोड बघितली तर जूनचं भाडं 799, त्यावर 18 टक्के जीएसटी 143.82, झाले 942.82. मग उशिरा भरल्याचा दंड 50 आणि त्यावरचा कर 9, म्हणजे 59. आणि उरलेले 942.82 ही मेची थकबाकी! मेचं बिल तिने मेच्या क्लेममध्ये आधीच लावलं होतं, फक्त भरलं नव्हतं. म्हणजे तेच पैसे ती दुसऱ्यांदा मागत होती, तिच्या गावीही नव्हतं पण तपासणाऱ्याला हे डबल क्लेमच दिसणार. आणि दंड तर कुठलीच कंपनी सहसा देत नाही, बिल वेळेवर भरणं हे आपलं काम.

तर पहिली गोष्ट ही की बिलावरची मोठी रक्कम कधीच उचलायची नाही, "चालू महिन्याचे शुल्क" असा रकाना असतो तो बघायचा, कर धरून. मागची बाकी, दंड, डिपॉझिट, राउटरचे पैसे, सोबत घेतलेलं एखादं ओटीटीचं पॅक, हे सगळं बाजूला. जीएसटी मात्र बिनधास्त धरा, बिल तुमच्या नावावर आहे, कंपनीच्या जीएसटी नंबरवर नाही, त्यामुळे कंपनीला त्या कराचं क्रेडिट मिळत नाही आणि तुमचा खर्च झालाय तो करासकटच झालाय.

मोबाइलच्या बिलात वेगळीच भानगड. पोस्टपेड फॅमिली प्लॅन, तिचा नंबर 449 चा आणि सासूबाईंचा जोडनंबर 150 चा, दोन्ही मिळून 599 आणि कर 107.82, एकूण 706.82. तिने पूर्ण रक्कम मागितली. सासूबाईंच्या फोनचा ऑफिसशी संबंध नाही, तो काढायलाच हवा. अशा बिलाच्या आतल्या पानांवर नंबरवार फोड असते, बहुतेक लोक पहिल्या पानाचाच फोटो पाठवतात आणि इथेच अडकतात. तिच्या नंबरचे 449 आणि त्यावरचा कर 80.82, म्हणजे 529.82. दोन्ही मिळून 1472.64, मर्यादेच्या आत, आणि प्रत्येक पैसा बिलावर बोट ठेवून दाखवता येतो. 2651 मागून 1500 मिळण्याची वाट बघण्यापेक्षा 1472.64 मागितले की क्लेम परत यायचं कारणच उरत नाही.

मग मी तिला समरी लिहून दिली, ती अशी. तुम्ही इंग्रजीत पाठवत असाल तर तसं करा, मजकूर हाच ठेवा.

"जून 2025, घरून कामासाठी फोन व इंटरनेट खर्च.
ब्रॉडबँड: कालावधी 1 ते 30 जून, बिल तारीख 1 जून, भाडं 799 + कर 143.82 = 942.82. बिलातली मागील बाकी 942.82 व दंड 59 क्लेममध्ये नाही.
मोबाइल: कालावधी 11 मे ते 10 जून, बिल तारीख 11 जून, फक्त माझा नंबर, भाडं 449 + कर 80.82 = 529.82. जोडनंबर क्लेममध्ये नाही, फोड पान 3 वर.
एकूण 1472.64. दोन्ही बिलं भरली आहेत, पावत्या सोबत. हा खर्च यापूर्वी मागितलेला नाही."

प्रत्येक ओळीत बिल नंबर आणि पैसे भरल्याची तारीखही घाला, इथे जागा वाचवायला मी गाळलंय. "क्लेममध्ये नाही" ही वाक्यं सगळ्यात कामाची, कारण तपासणाऱ्याला बिलावर 1944.64 दिसणार आणि समरीत 942.82, तर फरक कशाचा हे त्याने विचारायच्या आधीच तुम्ही सांगितलेलं असतं.

इथे कालावधीचं बघा, कारण गोंधळ इथे फार होतो. ब्रॉडबँडचं भाडं बऱ्याचदा आगाऊ लागतं, म्हणून 1 जूनचं बिल जूनचंच. पोस्टपेडचं बिल सायकल संपल्यावर येतं, म्हणून 11 जूनच्या बिलात अर्ध्याहून जास्त दिवस मेचे. मग हे मेमध्ये लावायचं का जूनमध्ये? माझं मत असं की बिलाची तारीख ज्या महिन्यात, त्या महिन्यात लावा आणि वर्षभर तोच नियम पाळा. एकदा सायकलनुसार, एकदा पेमेंटनुसार असं केलं की कुठलातरी महिना दोनदा लागतो किंवा एक महिना गायबच होतो, आणि मग सहा महिन्यांनी तो शोधत बसायचं.

प्रीपेडवाल्यांचं जरा वेगळं. समजा 12 जूनला 859 चं 84 दिवसांचं रिचार्ज केलं, ते 3 सप्टेंबरपर्यंत चालतं. मोबाइलची मर्यादा महिन्याला 500 असेल आणि तुम्ही जूनमध्ये सगळे 859 लावले तर 359 कापले जातात आणि जुलै-ऑगस्टमध्ये मागायला काहीच उरत नाही. म्हणून दिवसांनुसार वाटा: जूनचे 19 दिवस 194.30, जुलै आणि ऑगस्टचे 31-31 दिवस प्रत्येकी 317.01, सप्टेंबरचे 3 दिवस 30.68, बेरीज बरोबर 859. दर महिन्याला तेच एक बिल जोडायचं आणि "4 पैकी 2 रा भाग" असं लिहायचं. फक्त हे वाटप चालतं का ते आधी मेलवर विचारून घ्या, काही ठिकाणी रिचार्जच्या महिन्यातच लावा म्हणतात. रिचार्जच्या किमतीत कर धरलेला असतो, वर 18 टक्के लावू नका. आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे बिल नाही! त्यावर पैसे गेल्याचं दिसतं, पण कुठल्या नंबरचं, किती दिवसांचं हे दिसेलच असं नाही. मोबाइल कंपनीच्या ॲपमधून इनव्हॉइस उतरवा आणि स्क्रीनशॉट सोबत जोडा.

कनेक्शन कुणाच्या नावावर आहे हेही बघून घ्या. आपल्याकडे नेट सासऱ्यांच्या नाहीतर वडिलांच्या नावावर असतं, राबता आपला आणि पैसेही आपणच भरतो. तपासणाऱ्याला मात्र बिलावर अनोळखी नाव दिसतं. काही पॉलिसी नवरा-बायकोचं नाव चालवून घेतात, आई-वडिलांचं नाही. सगळ्यात सोपं म्हणजे कनेक्शन नावावर करून घेणं, ते होईपर्यंत एचआरकडून मेलवर परवानगी घ्या आणि तो मेल दर महिन्याला जोडा. तोंडी "चालेल गं" म्हणणारी व्यक्ती पुढच्या तिमाहीत त्या खुर्चीत असेलच असं नाही.

घरातला टीव्ही, मुलांचे क्लासेस सगळं त्याच नेटवर चालतं, मग पूर्ण बिल मागायचं का, हेही विचारतात. ते पॉलिसीवर आहे. पॉलिसीत 80 टक्के लिहिलं असेल तर 942.82 चे 754.26 लावा आणि हिशोब समरीत दाखवा. काही लिहिलंच नसेल तर एकदा विचारून लेखी उत्तर ठेवा. खाजगी कंपनीने घरच्या नेटचे पैसे द्यायलाच हवेत अशी सरसकट तरतूद आपल्याकडे नाही, त्यामुळे पॉलिसीचा कागद हाच तुमचा आधार.

आता एवढी कटकट कशाला, सरळ पगारात भत्ता का देत नाहीत, असंही वाटतं. देतात की काही कंपन्या, पण बिलाशिवाय मिळणारा भत्ता म्हणजे पगारच, त्यावर कर लागतो. प्रत्यक्ष बिलावर भरून दिलेला फोनचा खर्च, मोबाइल धरून, करपात्र पर्क्विझिटमध्ये, म्हणजे पगाराशिवाय कंपनीकडून मिळणाऱ्या सोयींमध्ये, धरायचा नाही असं 1962 च्या आयकर नियमांतल्या नियम 3 पासून चालत आलंय, ब्रॉडबँडही बऱ्याच कंपन्या त्यातच धरतात. महिन्याला 1500 म्हणजे वर्षाचे 18000, तुम्ही 20 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर सेससकट 3744 रुपयांचा फरक पडतो, छोटी रक्कम नाही ही. आणि कर वाचतो तो बिलामुळे, म्हणून आम्ही बिलासाठी एवढे मागे लागतो.

पगाराचा काही भाग बिलं लावून घ्यायचा असतो अशा फ्लेक्सी प्लॅनमध्ये तर न मागितलेली रक्कम मार्चच्या पगारात कर कापून हातात येते. मार्चमध्ये पेरोल लवकर बंद होतो, त्यामुळे मार्चचं बिल तोपर्यंत आलेलंच नसतं. फेब्रुवारीतच अकाउंट्सला विचारा की मार्चचा खर्च कसा घेणार, काही ठिकाणी भाड्याच्या अंदाजावर घेतात आणि बिल एप्रिलमध्ये मागतात, काही ठिकाणी पेरोल बंद होईपर्यंत आलेली बिलंच धरतात. मावसबहिणीच्या कंपनीत दुसरा प्रकार आहे, म्हणून ती आता ब्रॉडबँडचं मार्चचं आगाऊ बिल 1 तारखेला आलं की त्याच दिवशी भरून लावून टाकते.