टाइपरायटरवरच्या दोन रेघा

बाबांचा मिरजेत टायपिंगचा क्लास होता. त्या इंग्रजी यंत्रांवर अवतरणचिन्ह एकच, सरळ उभं. उघडायचं वेगळं, मिटायचं वेगळं, असले लाड नव्हते. छापलेल्या मजकुरातला लांब डॅश टाइप करायचा तर हायफनची कळ दोनदा मारायची. मी दहावीच्या सुट्टीत हे शिकलो आणि विसरूनही गेलो. पुढे क्लास बंद पडला, त्याच खोलीत आम्ही डीटीपी सुरू केलं आणि मग जुनी पुस्तकं स्कॅन करून त्यांचा मजकूर तयार करून द्यायला लागलो. तेव्हा कळलं की छापील चिन्हं साध्या कळांत बसवणं, जे बाबांच्या यंत्राने वीस वर्षं आपोआप केलं, तेच आता आम्हाला पैसे घेऊन करायचं आहे.

पहिलं मोठं काम एका जुन्या ग्रंथालयाचे इंग्रजी वार्षिक अहवाल. स्कॅन स्वच्छ, चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारं ओसीआर चांगलं, सगळं दोनदा वाचून दिलेलं. आठवड्याने फोन आला : `office` शोधलं की काहीच सापडत नाही, आणि पानावर तर शब्द ढळढळीत दिसतोय. आम्हीही पाहिलं, दिसत होता. शेवटी आमच्याकडच्या एका मुलाने त्या शब्दात बॅकस्पेस मारला, तर एका फटक्यात तीन अक्षरं उडाली. ती तीन नव्हतीच, एकच होतं : `ﬃ`.

याचं मूळ शिशाच्या खिळ्यांत आहे. `f` चा पुढे झुकलेला आकडा शेजारच्या `i` च्या टिंबाला अडायचा, म्हणून टाइप ओतणारे ही जोडी एकाच खिळ्यावर ओतत. छपाईत ती सुंदर दिसते. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या यादीत, या जोड्यांना FB00 पासून पुढे स्वतंत्र जागा आहेत आणि ओसीआर कधी त्या वापरतं, कधी नाही. आमच्या एकाच फाइलमध्ये `office` तीन तऱ्हांनी आलं होतं : सुटं, `oﬃce` आणि `ofﬁce`. डोळ्यांना तिन्ही सारखे, शोधणाऱ्या यंत्राला तीन वेगळे शब्द.

त्यावर आम्हाला इंटरनेटवर एक झटपट उपाय मिळाला. युनिकोडचं NFKC नावाचं एक प्रमाणीकरण आहे, ते अशा जोड्या सोडवून साधी अक्षरं करतं. एक ओळ लिहिली, सगळे अहवाल त्यातून काढले. `office` सापडायला लागलं. अवतरणचिन्हं आणि डॅश मात्र जसेच्या तसे राहिले, कारण NFKC त्यांना हात लावत नाही. ते आम्ही वेगळे बदलले, अपूर्णांकातली तिरकी रेघही साधी केली आणि काम पाठवून दिलं.

चूक सापडली ती आमच्या एका ताईंना. त्या मुळात हिशेबनीस, त्यामुळे तक्ता दिसला की बेरीज करणारच. मूळ पानावर आण्यांचे आकडे होते 1½, 2¼ आणि ¾, खाली बेरीज 4½. आमच्या फाइलमध्ये ते झाले होते 11/2, 21/4, 3/4 आणि बेरीज 41/2. NFKC ने ½ फोडून 1⁄2 केलं आणि आधीचा 1 त्याला जाऊन चिकटला. दीड आण्याचे साडेपाच झाले. आम्ही पाठवण्याआधी नमुना तपासला होता, पण तपासलेल्या ओळीत नेमका ¾ होता. त्याच्या आधी आकडा नसल्याने तो बरोबरच उतरला होता. ग्राहकाला स्वतःहून कळवलं आणि सगळे तक्ते फुकट पुन्हा करून दिले. त्या महिन्यात हाती काही उरलं नाही.

तेव्हापासून सरसकट NFKC बंद. कोणत्याही फाइलवर पहिलं काम म्हणजे त्यात साध्या कळफलकाबाहेरची कोणकोणती चिन्हं आहेत आणि किती वेळा, याची यादी काढणं :

```python
from collections import Counter
for c, n in Counter(text).most_common():
    if ord(c) > 127:
        print(hex(ord(c)), c, n)
```

चारशे पानांच्या पुस्तकात ही यादी बहुतेक वेळा एका कागदावर मावते. ती माणूस वाचतो, शंका आली की मूळ पान उघडून बघतो, आणि मगच कशाचं काय करायचं ते लिहितो :

```python
MAP = {0x2018: "'", 0x2019: "'",
       0x201C: '"', 0x201D: '"',
       0x2014: "--", 0xFB01: "fi",
       0xFB02: "fl", 0xFB03: "ffi",
       0xBD: " 1/2"}
text = text.translate(MAP)
```

½ च्या आधीची मोकळी जागा बघा, आमचा त्या महिन्याचा धडा तिथे आहे. (काही जण तिथे हायफन घालून 1-1/2 लिहितात. तक्त्यात तो वजाबाकीसारखा दिसतो, म्हणून आम्ही घालत नाही.)

अवतरणचिन्हं त्यामानाने सोपी. सरळ केल्यावर उघडणारं कुठलं आणि मिटणारं कुठलं ही माहिती जाते, पण ती बहुधा शेजारच्या मोकळ्या जागेवरून परत काढता येते. शिवाय ओसीआरने आणलेली माहिती तशी भरवशाची नसतेच. खरी डोकेदुखी डॅशची. वरच्या कोष्टकात 2013, म्हणजे आखूड डॅश, मुद्दामच नाही. तो दोन सालांमध्ये येतो, आकड्यांच्या दोन टोकांमध्ये येतो, कधी उणे म्हणून येतो, आणि ओसीआरला लांब डॅश नीट दिसला नाही तर त्याच्याही जागी येतो. मजकुरात आम्ही आकड्यांमधल्याचा एक हायफन करतो, शब्दांमधल्याचे दोन.

एकदा विहिरींच्या खोलीचा तक्ता होता, त्यात `3–4` असे आकडे. हायफन करून सीएसव्ही पाठवली. ग्राहकाने ती थेट एक्सेलमध्ये उघडली, तर रकाना तारखांनी भरला : 03-Apr, 05-Jun. आखूड डॅश असता तर एक्सेलने त्याला तारीख समजलं नसतं. फाइल आमची बरोबर होती, पण हे ग्राहकाला पटवण्यात अर्थ नव्हता. आता असे तक्ते आम्ही रकाना मजकूर म्हणून ठरवूनच देतो.

मराठी पुस्तकांची कामं आली तेव्हा वाटलं, सुटलो. आपली जोडाक्षरं फॉन्ट जुळवतो, `ﬃ` सारखी वेगळी ठेवलेली नसतात. पण हाताखालच्या मुलाने उत्साहाने सगळी अदृश्य चिन्हं काढून टाकली, त्यात 200D सुद्धा गेलं. ऱ्या लिहायच्या दोन रीती आहेत. एकीत ऱ हे अक्षर असतं. दुसरीत साध्या र च्या हलन्तानंतर हे अदृश्य चिन्ह असतं, आणि तेच काढलं की र वर चढून रफार होतो. सह्याद्रीच्या दऱ्यांचं वर्णन होतं. त्यातल्या दऱ्यांचा दर्या झाला. लग्नाच्या आचाऱ्यांना निरोप होता, तो आचार्यांना गेला.

आता मराठी यादीत 200D दिसलं की आधी त्याचं ऱ करून घेतो आणि मगच बाकीची साफसफाई सुरू होते. मूळ ओसीआरची फाइल मात्र आम्ही कधीच बदलत नाही, तिची प्रत घेऊन काम करतो. गेल्या वर्षी त्या ग्रंथालयाला अहवालांची छापील आवृत्ती काढायची होती आणि त्यांनी गोल अवतरणचिन्हं परत मागितली. जुनी हार्ड डिस्क शोधायला दोन दिवस लागले, पण सापडली.